जीबीएस होऊन गेल्यावर फ्लूची लस: निर्णय कोणत्या तारखांवर ठरतो

प्रश्न: माझे वय 61 आहे आणि मला मधुमेह आहे. नऊ वर्षांपूर्वी जुलाबांच्या आजारानंतर माझे दोन्ही पाय आणि मग हात लुळे पडले. निदान जीबीएस असे झाले. पाच महिन्यांनी मी पुन्हा चालू लागलो, पण तळव्यांना थोडी बधिरता अजून आहे. त्या वर्षी 12 एप्रिलला मी फ्लूची लस घेतली होती, 9 जूनला जुलाब सुरू झाले, 20 जूनला पायांना मुंग्या आल्या आणि 24 जूनला मला दाखल केले. ओळखीच्या एका डॉक्टरांनी तेव्हा ‘आयुष्यात पुन्हा ही लस नको’ असे सांगितले. आता मधुमेहाचे डॉक्टर दरवर्षी घ्यायला सांगतात. ती माझ्यासाठी सुरक्षित आहे का?

उत्तर: तुम्ही दिलेल्या तारखा तुमच्या फाइलमधील नोंदींशी जुळत असतील आणि निदान खरोखरच जीबीएस म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम असेल, तर तुम्ही फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मज्जातंतूंच्या विकारांवर उपचार करताना हा प्रश्न मला अनेक रुग्णांनी विचारला आहे, आणि त्यांतील बहुतेकांना मी हेच उत्तर दिले आहे. ज्या थोड्या रुग्णांना मी ‘थांबा’ म्हणतो, त्यांच्यात आणि तुमच्यात नेमका कोणता फरक आहे हे कळले, तर तुम्हाला मिळालेल्या दोन परस्परविरोधी सल्ल्यांचा उलगडाही होईल.

प्रथम त्या आजारात काय घडले ते पाहू. जुलाबानंतर होणाऱ्या जीबीएसमागे सर्वाधिक वेळा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू असतो. त्याच्या बाहेरच्या आवरणावरील काही शर्करायुक्त रेणूंची रचना आपल्या मज्जातंतूंवरील गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी इतकी मिळतीजुळती असते, की जिवाणूविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी मज्जातंतूंवरही जाऊन चिकटतात आणि तेथे हानी सुरू होते. अशा अँटिबॉडी पुरेशा प्रमाणात तयार व्हायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणूनच जुलाब थांबून रुग्णाला बरे वाटू लागल्यावर मुंग्या आणि अशक्तपणा सुरू होतो. तुमच्या बाबतीत हे अंतर अकरा दिवसांचे आहे आणि ते या आजाराच्या नेहमीच्या वेळापत्रकात अगदी नीट बसते. तुमच्या आजाराचे कारण शोधायचे असेल, तर पहिला संशय त्या जुलाबांवरच जायला हवा.

यातून एक गोष्ट निघते आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘माझी प्रतिकारशक्ती एकदा भडकली, म्हणून तिला डिवचणारी कोणतीही गोष्ट मला पुन्हा आजारी पाडेल’ अशी रुग्णांची समजूत होते आणि ती स्वाभाविकही आहे. परंतु जीबीएसमध्ये प्रतिकारशक्ती सरसकट बेभान झालेली नसते. एका विशिष्ट रेणूशी असलेल्या साम्यामुळे ती एका विशिष्ट ठिकाणी चुकलेली असते. फ्लूच्या इंजेक्शनमध्ये विषाणू निष्क्रिय केलेला असतो आणि त्यातून शरीराला मुख्यतः विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची ओळख करून दिली जाते. ज्या जिवाणूने तुम्हाला आजारी पाडले असण्याची शक्यता आहे, त्याचे ते शर्करायुक्त रेणू या लशीचा घटक नसतात. जीबीएस झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 2 ते 5 टक्क्यांना आयुष्यात केव्हातरी तो पुन्हा होतो हे खरे आहे, पण लस न घेणाऱ्यांनाही तो होतो, आणि अशा वेळी मागचा इतिहास विचारला तर पुष्कळदा सर्दी-खोकल्याचा किंवा पोटाचा संसर्गच सापडतो.

मग या लशीबद्दलची भीती आली कोठून? ती निराधार नव्हती. 1976 मध्ये अमेरिकेतील एका लष्करी तळावर डुकरांमधील फ्लूशी मिळताजुळता विषाणू सापडला. मोठी साथ येईल या भीतीने ऑक्टोबरपासून देशभर लसीकरण सुरू झाले आणि साडेचार कोटींच्या आसपास लोकांना लस दिली गेली. साथ आलीच नाही, पण लस घेतलेल्यांमध्ये जीबीएसचे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त दिसू लागले आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. नंतरच्या अभ्यासात हा वाढीव धोका सुमारे एक लाख लसवंतांमागे एक रुग्ण इतका निघाला. त्या लशीनेच असे का केले, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या हे प्रकरण शिकत मोठ्या झाल्या. ‘पुन्हा कधीच नको’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला बहुधा याच इतिहासातून आलेला असतो, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. मात्र तो सल्ला 1976 च्या लशीला लागू होता, तुम्हाला यंदा दिल्या जाणाऱ्या लशीला नाही.

त्यानंतरच्या दशकांत जवळजवळ दरवर्षी या धोक्यावर पाळत ठेवली गेली आहे. काही हंगामांत वाढ आढळलीच नाही, आणि जेव्हा आढळली तेव्हा ती दहा लाख लसवंतांमागे एक ते दोन अतिरिक्त रुग्ण एवढी होती. 2009 च्या साथीत वापरलेल्या लशीचा हिशेबही याच मर्यादेत बसला. हा आकडा किती लहान आहे हे नीट कळावे म्हणून एक साधे गणित करू. कोणतीही लस नसली तरी दरवर्षी एक लाख लोकांमागे साधारण एक ते दोन जणांना जीबीएस होतोच, म्हणजे दहा लाखांमागे दहा ते वीस जणांना. वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी कोणतेही सहा आठवडे उचलले, तर त्या काळात दहा लाखांमागे एक ते दोन जण आपोआप आजारी पडलेले दिसतील. आता दहा लाख लोकांना एकाच दिवशी लस दिली, तर पुढच्या सहा आठवड्यांत हे एक-दोन जण ‘लस घेतल्यानंतर’ आजारी पडले असेच नोंदले जातील. लशीमुळे वाढलेला धोका आणि निव्वळ योगायोगाने होणारी संख्या ही दोन्ही एकाच मापाची आहेत. त्यामुळे एखाद्या माणसाला लस घेतल्यावर तीन आठवड्यांनी जीबीएस झाला, तरी त्याचे कारण लसच होती असे त्या एका रुग्णाकडे पाहून कोणालाही ठामपणे सांगता येत नाही.

तराजूच्या दुसऱ्या पारड्याचा विचार या चर्चेत बहुधा राहून जातो. खुद्द फ्लूचा संसर्गही जीबीएसला कारणीभूत होतो, आणि लशीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात 1993 ते 2011 या काळातील नोंदींवर झालेल्या अभ्यासात लशीशी जोडता येणारे जीबीएसचे रुग्ण दहा लाख लसीकरणांमागे सुमारे एक होते, तर फ्लूसाठी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात गेलेल्यांमध्ये हा आकडा दहा लाख भेटींमागे सुमारे सतरा निघाला. अर्थात लस घेणे निश्चित असते आणि फ्लू होईलच असे नसते, म्हणून या दोन आकड्यांची सरळ तुलना पूर्ण न्याय्य नाही, आणि फ्लू क्वचितच होणाऱ्या निरोगी तरुणासाठी हा फरक बराच कमी होतो. तुमचे तसे नाही. एकसष्टाव्या वर्षी मधुमेह असताना फ्लू झाला, तर साखर बिघडणे, न्यूमोनिया होणे आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागणे या गोष्टींची शक्यता इतकी खरी आहे, की लाखांत मोजावा लागणारा धोका तिच्यापुढे टिकत नाही. लस परिपूर्ण नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या वर्षी लशीतील विषाणू आणि फिरणारा विषाणू यांचे बऱ्यापैकी जुळते, त्या वर्षीही ती डॉक्टरांकडे जावे लागण्याइतका फ्लू साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी करते. तरीही ज्यांना आजार झाल्यास तो जड जाण्याचा संभव असतो, त्यांच्यासाठी एवढे संरक्षणही मोलाचे ठरते.

आतापर्यंतचे आकडे सर्वसाधारण लोकांचे होते. तुमचा खरा प्रश्न असा आहे की, ज्याला हा आजार एकदा झालेला आहे त्याचे काय. यावरची माहिती कमी आहे, पण जी आहे ती एकाच दिशेने बोट दाखवते. नेदरलँड्समध्ये जीबीएस होऊन गेलेल्या रुग्णांना प्रश्नावली पाठवून विचारणा केली गेली. त्यांपैकी 106 जणांनी आजारानंतर फ्लूची लस घेतलेली होती. कोणी एकदाच, तर कोणी थेट 37 वेळा अशा मिळून एकूण 775 मात्रा झाल्या, आणि त्यांपैकी एकानेही आजार उलटल्याचे सांगितले नाही. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसेवेच्या नोंदींमध्ये 1995 ते 2006 या काळात जीबीएसचे 550 रुग्ण सापडले. त्यांतील 107 जणांना पुढे फ्लूच्या 405 मात्रा मिळाल्या. त्या 550 पैकी फक्त सहा जणांना आजार पुन्हा झाला आणि त्या सहांपैकी कोणीही त्याआधीच्या दोन महिन्यांत कोणतीही लस घेतलेली नव्हती.

या अभ्यासांच्या मर्यादाही समजून घ्या, कारण ज्या रुग्णांना मी थांबायला सांगतो त्यांचे कारण या मर्यादांमध्येच आहे. काहीशे मात्रांमध्ये एकही घटना झाली नाही, याचा अर्थ धोका शून्य आहे असा होत नाही, तर तो मोठा नाही एवढाच होतो. शिवाय ज्यांनी लस घेतली ते बहुधा असेच रुग्ण होते, ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. ज्यांचा पहिला आजार लशीनंतर लगेच सुरू झाला होता, त्यांना बहुतेक वेळा पुन्हा लस दिलीच गेली नाही. कॅलिफोर्नियाच्या नोंदींमध्ये फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत आजारी पडलेले 18 जण होते आणि त्यांपैकी फक्त दोघांनी ती लस पुन्हा घेतली. त्या दोघांना काही झाले नाही, पण दोघांवरून नियम बांधता येत नाही.

म्हणूनच लसीकरणाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जीबीएसचा सरसकट इतिहास आडवा येत नाही. आडवी येते ती एकच परिस्थिती: आधीच्या फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या, म्हणजे 42 दिवसांच्या आत जीबीएसची सुरुवात झालेली असणे. अशा वेळीही लसीला पूर्ण बंदी नसते, सावधगिरीची सूचना असते. ज्या व्यक्तीला फ्लूपासून गंभीर आजाराचा विशेष धोका नाही, तिला सामान्यतः लस देऊ नये; आणि ज्या व्यक्तीला तो धोका मोठा आहे, तिच्या बाबतीत दोन्ही बाजू तोलून डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून ठरवावे, असा तिचा आशय आहे.

आता तुमच्या तारखा या मापाने मोजू. लस 12 एप्रिलला झाली. एप्रिलचे उरलेले 18 दिवस, मे महिन्याचे 31 आणि जूनचे 20 असे मिळून पहिल्या मुंग्यांपर्यंत 69 दिवस होतात. ही मुदत 42 दिवसांच्या बरीच बाहेर आहे, आणि शिवाय मध्ये जुलाबांच्या रूपाने एक ठळक, ओळखीचे कारण उभे आहे. तुमच्या आजाराचा संबंध त्या लशीशी लावायला मला काहीच आधार दिसत नाही.

मोजणी नेहमी पहिल्या लक्षणापासून करायची असते, दाखल झाल्याच्या दिवसापासून नव्हे, आणि येथे फाइल वाचणाऱ्याची गफलत होण्याचा संभव असतो. हा फरक किती निर्णायक ठरू शकतो हे दुसऱ्या एका रुग्णाच्या उदाहरणावरून सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चौतीस वर्षांची, एरवी पूर्ण निरोगी असलेली एक स्त्री. तिने 1 ऑक्टोबरला लस घेतली होती आणि तिला 14 नोव्हेंबरला दाखल केले होते. डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची तारीखच ठळकपणे छापलेली होती आणि त्या हिशेबाने 44 दिवस होत असल्यामुळे ‘मुदतीबाहेर’ असा शेरा पडला होता. तिच्याशी सविस्तर बोलल्यावर कळले की 9 नोव्हेंबरपासूनच तिच्या दोन्ही पावलांना मुंग्या येत होत्या आणि जिना चढताना पाय भरून येत होते. म्हणजे सुरुवात 39 व्या दिवशी झालेली होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिला ताप आणि खोकलाही येऊन गेला होता, त्यामुळे माझ्या मनात जास्त संशय त्या संसर्गावरच आहे. तरीही तिला मी लस न घेण्याचा सल्ला दिला, कारण तिचे वय आणि प्रकृती पाहता फ्लूपासून तिला असलेला धोका कमी होता आणि शंकेचा फायदा सावधगिरीला देणे रास्त होते. त्याऐवजी तिच्या घरातील सर्वांनी दरवर्षी लस घ्यावी असे ठरले, आणि फ्लूच्या हंगामात तिला ताप आला तर पहिल्या 48 तासांतच डॉक्टरांकडे जाऊन ओसेल्टामिव्हिर हे फ्लूच्या विषाणूवरील औषध सुरू करावे की नाही हे ठरवायचे, असे कागदावर लिहून दिले. पुढे ती गरोदर राहिली, किंवा तिला हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा मधुमेहासारखा आजार जडला, तर हा निर्णय पुन्हा तपासावा लागेल. समजा तिच्या तारखा तुमच्या असत्या, म्हणजे 39 व्या दिवशी सुरुवात, मध्ये संसर्ग, आणि वय 61 व मधुमेह, तर माझा कल लस देण्याकडे झुकला असता, परंतु मी ते एकट्याने ठरवले नसते.

दुसरी अट निदानाची आहे. ‘संसर्गानंतर आलेला तात्पुरता लुळेपणा’ या वर्णनात जीबीएसखेरीज इतर आजारही बसतात. मज्जारज्जूला आलेली सूज, रक्तातील पोटॅशियम एकदम उतरल्याने आलेला लुळेपणा, आणि सीआयडीपी नावाचा जीबीएसचा दीर्घकालीन भाऊबंद यांचे प्रश्न वेगळे आणि त्यांची उत्तरेही वेगळी. फाइलमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. अशक्तपणा दोन्ही बाजूंना सारखा वाढत जाऊन चार आठवड्यांच्या आत शिखराला पोहोचला आणि मग हळूहळू उतरला का. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावल्या किंवा नाहीशा झाल्या होत्या का. आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली पण पेशी मात्र फारशा वाढलेल्या नाहीत असे आढळले का, तसेच नर्व्ह कंडक्शन चाचणीचा निष्कर्ष काय होता. पाण्यातील प्रथिने पहिल्या आठवड्यात वाढलेली नसणे मात्र जीबीएसच्या विरोधात जात नाही. लुळेपणा आठ आठवड्यांहून जास्त काळ वाढत राहिला असेल किंवा बरे होऊन पुन्हा पुन्हा उलटला असेल, तर ते सीआयडीपी असण्याची शक्यता आहे, आणि मग लसीचा विचार त्या आजाराच्या चालू उपचारांसोबत करावा लागतो. तुमचे पाच महिन्यांतले एकसंध सुधारणे आणि नऊ वर्षांची शांतता पाहता मला हा प्रश्न तुमच्यापुढे दिसत नाही, तरी डिस्चार्ज कार्ड घेऊन एकदा मज्जातंतूंच्या डॉक्टरांना अवश्य दाखवा.

आजार होऊन वर्ष झालेले नसेल तर लस देण्याआधी तज्ज्ञांशी बोलावे असाही सल्ला दिला जातो. मज्जातंतू सावरण्याचा हा काळ असतो आणि त्या वेळी होणारा लहानसा चढउतारही रुग्णाला आणि डॉक्टरांना गोंधळात टाकतो. नऊ वर्षांनंतर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही.

लस घेण्याच्या दिवसाची थोडी तयारी मात्र तुमच्या बाबतीत फार उपयोगी पडेल, आणि त्याचे कारण तुमच्या तळव्यांची बधिरता. ती जुन्या जीबीएसची खूण असू शकते, मधुमेहामुळे मज्जातंतूंना झालेल्या हानीची असू शकते, किंवा दोन्हींची. लस घेतल्यावर तुमचे लक्ष साहजिकच पायांकडे लागेल, आणि नऊ वर्षे असलेली बधिरता तुम्हाला नवी वाटू लागेल. म्हणून लशीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडून बधिरता कोठपर्यंत आहे, घोट्याचे आणि गुडघ्याचे प्रतिक्षिप्त कसे आहेत, आणि टाचांवर व चवड्यांवर चालता येते का, याची नोंद करून घ्या. हाताचा आधार न घेता खुर्चीतून किती सहज उठता येते हे स्वतःही पाहून ठेवा. पुढे शंका आली तर तुलना आठवणीशी न होता नोंदीशी होईल. त्याच दिवशी दुसरी कोणतीही लस घेऊ नका. एरवी दोन लशी एकत्र देण्यात गैर काही नाही, पण तुमच्या बाबतीत काही घडलेच तर कशामुळे घडले हे कळायला हवे. ताप किंवा जुलाब चालू असतील, तर ते थांबून तुम्ही पूर्ण सावरेपर्यंत लस पुढे ढकला, कारण तो संसर्ग स्वतःच जीबीएसचे कारण होऊ शकतो आणि मग त्याचा आरोप विनाकारण लशीवर येतो. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, हे लक्षात घेऊन हंगामाच्या आधीची तारीख निवडा. नाकात फवारण्याची लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची असते आणि ती तुमच्या वयासाठी नसते. तुम्हाला इंजेक्शनच घ्यायचे आहे.

इंजेक्शननंतर एक-दोन दिवस दंड दुखणे, अंग मोडून येणे, हलका ताप आणि थकवा हे अपेक्षित आहे. जुन्या जीबीएसच्या रुग्णांना ताप असताना किंवा फार थकल्यावर जुनी बधिरता थोडी जास्त जाणवते, आणि ताप उतरल्यावर ती पूर्ववत होते. पुन्हा झालेल्या जीबीएसचे स्वरूप याहून वेगळे असते. तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर आणि सहा आठवड्यांच्या आत दिसतो, दोन्ही पायांना किंवा दोन्ही हातांना मिळून होतो आणि दिवसागणिक वर सरकतो. काल जिना चढता येत होता आणि आज कठड्याला धरावे लागते, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, चेहऱ्याची एक किंवा दोन्ही बाजू ढिली पडते, गिळताना ठसका लागतो, अशी ती लक्षणे असतात. दोन दिवस सलग अशी चढती लक्षणे दिसली तर वाट पाहू नका, त्याच दिवशी मज्जातंतूंचे डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग दोन्ही असलेल्या रुग्णालयात जा आणि जीबीएसचा इतिहास पहिल्याच वाक्यात सांगा. एका दमात वीसपर्यंत आकडे मोजता येत नसतील, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत असे समजून तातडीने निघा. आयव्हीआयजी म्हणजे शिरेतून अँटिबॉडी देण्याचा किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार लवकर सुरू झाला तर त्याचा लाभ जास्त होतो, आणि एकदा हा आजार अनुभवलेला माणूस तो इतरांपेक्षा लवकर ओळखतो, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. नुसती एकाच पायाला येणारी मुंगी, किंवा बसून उठल्यावर येऊन जाणारी बधिरता, यासाठी मात्र धावपळ करण्याचे कारण नाही.

पहिल्या वर्षीची लस सुरळीत पार पडली, तर पुढच्या वर्षी हा सगळा विचार नव्याने करावा लागत नाही. फिरणारे विषाणू बदलत असल्याने जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी वेगवेगळी करते, आणि लशीचे संरक्षणही महिन्यांगणिक ओसरत जाते, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. दरवर्षीची पूर्वतपासणीही आवश्यक नाही. लशीची तारीख आणि तिचा बॅच क्रमांक जुन्या डिस्चार्ज कार्डासोबत ठेवला, आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांत विशेष काही झाले नाही एवढे लिहिले, की पुरे.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. वर लिहिलेले सर्व काही फ्लूच्या लशीबद्दल आहे आणि ते इतर लशींना जसेच्या तसे लावू नये. नागिणीवरील एका नव्या लशीबाबत आणि आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूविरुद्ध ज्येष्ठांना दिल्या जाणाऱ्या काही लशींबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने जीबीएसच्या किंचित वाढलेल्या धोक्याची सूचना लेबलवर घालायला लावली आहे, आणि धनुर्वाताच्या लशीनंतर सहा आठवड्यांत जीबीएस झालेला असेल तर तिच्याबाबतही सावधगिरी बाळगली जाते. मधुमेह आणि वय पाहता या लशींचा विषय तुमच्यासमोर लवकरच येईल. तेव्हा प्रत्येक लशीचा हिशेब स्वतंत्रपणे करा, आणि तो करायला बसताना याच तारखा, म्हणजे लशीची, संसर्गाची आणि पहिल्या मुंग्यांची, डॉक्टरांसमोर ठेवा.